सा-पच्या वाटेनं बारा घरं: सर्कल ऑफ फिफ्थ्स स्वतः काढून समजून घ्या

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे धुळ्यात कानबाई बसते. रात्रभर जागरण असतं आणि गाणी एकाला एक जोडून चालतात. मी कीबोर्डवर होतो. गाणाऱ्या मावशींनी आधीच सांगितलं होतं, "भाऊ, मनी पट्टी काळी चार शे." त्यांचं गाणं संपता संपता दुसऱ्या ताईंनी माईक घेतला आणि बोटानं खूण केली, पांढरी सहा. काळी चारच्या शेजारचीच पट्टी, जेमतेम अर्धा सूर वर. मला वाटलं एवढ्याशा फरकाला काय होतंय, आणि मी हात सरळ उचलून पुढच्या पट्टीवर ठेवला. ठेका तोच होता, तरी गाणं खड्ड्यातून गेल्यासारखं उडालं. ताई पहिली ओळ सुरात उचलू शकल्या नाहीत. ढोलकीवाला माझ्याकडे बघायला लागला.

कीबोर्डवर ज्या पट्ट्या एकमेकींना चिकटून आहेत, त्यांची स्केल एकमेकींपासून बरीच लांब असतात. हे मला त्या रात्री कळलं. स्केलांचं शेजारपण हाताच्या अंतरावर ठरत नाही, सा-पच्या नात्यावर ठरतं. ते नातं एका चित्रात मांडलं की त्याला सर्कल ऑफ फिफ्थ्स म्हणतात. हे चित्र तयार मिळतं, पण मी शिकवताना ते कोणालाही तयार देत नाही. हार्मोनियम किंवा कीबोर्ड समोर घेऊन, स्वतः वाजवत काढलं तरच ते हातात बसतं.

थाळी ठेवा आणि गोल काढा

कोऱ्या कागदावर थाळी उपडी ठेवून गोल आखा. घड्याळासारखे बारा आकडे मांडा. बाराच्या जागी पांढरी एक लिहा आणि खाली तिचं पाश्चात्त्य नाव, सी. आता कीबोर्डवर पांढरी एकला सा माना आणि तिचा प शोधा. कान तयार असेल तर गाऊनच सापडेल. नसेल तर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून, सुरुवातीची पट्टी सोडून उजवीकडे सात मोजा. पांढरी पाच येईल, म्हणजे जी. ती एक वाजताच्या जागी लिहा.

आता पांढरी पाचला सा करा आणि पुन्हा प शोधा. पांढरी दोन येईल, डी. ती दोन वाजता. असंच पुढे गेलं की पांढरी सहा (ए), पांढरी तीन (ई) आणि पांढरी सात (बी) अशी घरं भरत जातात. बीचा प मात्र काळीवर पडतो, काळी तीनवर. तिथे सहा वाजतात. त्यापुढे सात वाजता काळी एक, आठला काळी चार, नऊला काळी दोन, दहाला काळी पाच, अकराला पांढरी चार, म्हणजे एफ. आणि एफचा प वाजवला की पुन्हा पांढरी एक. बारा उड्या मारून आपण घरी आलो, मधली एकही पट्टी सुटली नाही आणि एकही दोनदा आली नाही.

तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांना इथे एक गोष्ट खटकेल आणि ते बरोबर आहेत. शुद्ध सा-पच्या बारा उड्या मारल्या तर आपण नेमके घरी येत नाही, सुमारे साडेतेवीस सेंट वर निघतो. अर्धा सूर म्हणजे शंभर सेंट, तेव्हा ही चूक जवळपास पाव अर्ध्या सुराची आहे. कीबोर्डमध्ये प्रत्येक प जेमतेम दोन सेंट खाली उतरवून ही चूक बारा ठिकाणी वाटून टाकलेली असते, म्हणून वर्तुळ मिटतं. तानपुरा आणि कीबोर्ड एकत्र वाजताना पंचम किंचित वेगळा लागतो, तो यामुळेच.

काळ्यांची नावं लिहिताना थोडं थांबा. प्रत्येक काळीला दोन नावं असतात. काळी चारला जी शार्पही म्हणतात आणि ए फ्लॅटही. गोलाच्या खालच्या डाव्या बाजूला फ्लॅटची नावं लिहायची: सात वाजता डी फ्लॅट, आठ वाजता ए फ्लॅट, नऊ वाजता ई फ्लॅट, दहा वाजता बी फ्लॅट. सहाच्या घरात मात्र दोन्ही नावं लिहा, एफ शार्प आणि जी फ्लॅट. त्या एका घरात दोन्ही वाटा येऊन भेटतात.

एका घरामागे एकच सूर का बदलतो

बहुतेक पुस्तकं इथे "सीला शून्य शार्प, जीला एक, डीला दोन" असं पाठ करायला सांगतात. पाठ करू नका, वाजवून बघा. आपल्याकडे त्यासाठी लागणारी भाषा आधीपासून आहे.

मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे शुद्ध स्वर. पांढरी एकला सा धरून बिलावल वाजवा. सगळ्या पांढऱ्या, एकही काळी नाही. म्हणून बाराच्या घरात शून्य. आता त्याच पांढऱ्या पट्ट्या पांढरी पाचपासून पांढरी पाचपर्यंत वाजवा. आपण पला सा केलं. ऐका, शेवटचा नी कसा लागतो? तो कोमल आहे. जुना शुद्ध मध्यम नव्या सा पासून मोजला की कोमल निषाद होतो, आणि बिलावलच्या जागी खमाज ऐकू येतो. बिलावल हवा असेल तर तो एक सूर अर्धा सूर वर चढवावा लागतो. एफची जागा एफ शार्प घेतो. जी मेजरच्या नावापुढे जो एक शार्प असतो, तो हाच.

हाच सूर जुन्या सा च्या बाजूनं बघा. पांढरी एकचा शुद्ध मध्यम तीव्र झाला. म्हणजे गोलावर एक घर उजवीकडे जाणं म्हणजे म तीव्र करून पला सा करणं. पुढच्या प्रत्येक घरी हेच पुन्हा घडतं. आधीचे शार्प तसेच राहतात आणि नवा एक त्यात भर पडतो. दोनच्या घरी दोन, तीनच्या घरी तीन, पाचच्या घरी पाच.

डावीकडे जाताना उलट होतं. पांढऱ्या पट्ट्या पांढरी चारपासून वाजवल्या तर मध्यम तीव्र लागतो, कल्याण ऐकू येतो. बिलावल करायला तो मध्यम अर्धा सूर उतरवायचा. बीचा बी फ्लॅट होतो. जुन्या सा च्या बाजूनं बघितलं तर नी कोमल झाला. म्हणून अकराच्या घरात एक फ्लॅट, दहाला दोन, नऊला तीन, आठला चार, सातला पाच. सहाच्या घरात एफ शार्प म्हटलं तर सहा शार्प, जी फ्लॅट म्हटलं तर सहा फ्लॅट.

आता प्रत्येक घरात हा आकडा लिहून टाका. कुठे शंका आली तर त्या घराचा बिलावल वाजवून काळ्या मोजा. पण काळ्या मोजून नेहमी शार्प-फ्लॅट मिळत नाहीत, हेही सांगून ठेवतो. एफ शार्प मेजरमध्ये सहा शार्प असतात पण काळ्या पाचच. सहावा शार्प म्हणजे ई शार्प आणि तो पांढरी चारवर वाजतो. त्याला एफ लिहीत नाहीत, कारण एका स्केलमध्ये सातही अक्षरं एकेकदाच यायला हवीत, आणि एफ हे अक्षर एफ शार्पमध्ये वापरून झालेलं असतं. ई फ्लॅट मेजरमधल्या ए फ्लॅटला जी शार्प लिहिणं ही याच जातीची चूक. वाजतं तेच, पण कागदावर जी दोनदा येतो आणि ए गायब होतो, आणि वाचणारा अडखळतो.

नोटेशनवरून स्केल ओळखणं

पाच रेषांच्या नोटेशनमध्ये सुरुवातीलाच शार्प किंवा फ्लॅटच्या खुणांचा पुंजका असतो. ती की सिग्नेचर. पुंजक्यातल्या खुणा ठराविक क्रमानंच येतात आणि तो क्रमही गोलावरच आहे. अकराच्या घरापासून उजवीकडे वाचत गेलं की शार्पचा क्रम मिळतो: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. पाचच्या घरापासून डावीकडे वाचलं की फ्लॅटचा: बी, ई, ए, डी, जी, सी, एफ.

शार्प असतील तर सगळ्यात शेवटचा शार्प हा त्या स्केलचा नी असतो, हे आपण आताच पाहिलं, कारण नवा शार्प नेहमी नी दुरुस्त करायलाच येतो. त्याच्या अर्धा सूर वर सा. तीन शार्प दिसले, शेवटचा जी शार्प, तर अर्धा सूर वर ए. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हेच स्केलचं नाव. एकच फ्लॅट असेल तर शेवटून दुसरा नसतोच. तेवढं एक लक्षात ठेवा, ते एफ.

आतलं वर्तुळ: रिलेटिव्ह मायनर

इथे आमच्या मुलांची सर्वांत जास्त गल्लत होते, आणि तिचं कारण आपल्याच संगीतात आहे. आपल्याकडे थाट बदलला तरी सा जागचा हलत नाही. म्हणून "सी मेजरचा मायनर कोणता?" विचारलं की मुलगा सी तसाच ठेवतो, ग, ध, नी कोमल करतो आणि सांगतो, सी मायनर. ते नातंही खरं आहे, त्याला पॅरलल मायनर म्हणतात. पण रिलेटिव्ह मायनर म्हणजे त्याच्या उलट: पट्ट्या त्याच, सा वेगळा. आपली मूर्च्छना.

पांढरी एकच्या बिलावलचा ध, म्हणजे पांढरी सहा, तिला सा करा आणि सगळ्या पांढऱ्याच वाजवा. ग, ध, नी कोमल लागतील. हा आसावरी थाट, पाश्चात्त्यांचा नॅचरल मायनर. म्हणून सी मेजरचा रिलेटिव्ह ए मायनर, आणि दोघांची की सिग्नेचर एकच. कोणत्याही मेजरसाठी कृती हीच. सा पासून खाली, काळ्या-पांढऱ्या धरून, तीन पट्ट्या मोजा. तिथे ध आहे आणि तोच मायनरचा सा. ही मोजणी मनात करायची नसेल तर गोलावर मेजरच्या घरापासून उजवीकडे तीन घरं जा. सी, मग जी, डी, ए. तेच उत्तर.

थाळीऐवजी वाटी ठेवून आत लहान गोल काढा आणि प्रत्येक घरात त्याचा मायनर भरा. बाराच्या आत ए, एकच्या आत ई, दोनच्या आत बी, तीनच्या आत एफ शार्प, चारच्या आत सी शार्प, पाचच्या आत जी शार्प, सहाच्या आत डी शार्प किंवा ई फ्लॅट. डावीकडे अकराच्या आत डी, दहाच्या आत जी, नऊच्या आत सी, आठच्या आत एफ, सातच्या आत बी फ्लॅट. नीट बघितलं तर आतलं वर्तुळही सा-पच्याच उड्यांनी फिरतंय, फक्त तीन घरं सरकून.

आता एक खरं उदाहरण. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी परीक्षेसाठी एक लहान तुकडा घेऊन आली. सुरुवातीला तीन फ्लॅट होते: बी, ई, ए. तिनं नियम लावला, शेवटून दुसरा ई, म्हणून ई फ्लॅट मेजर. आणि डाव्या हातात ई फ्लॅटचा कॉर्ड धरून सुरुवात केली. दोन ओळी झाल्या तरी गाणं बसेना.

मी तिला म्हटलं, की सिग्नेचर फक्त घर सांगते, घरात राहणारे दोघं असतात. नऊच्या घरात बाहेर ई फ्लॅट मेजर आहे, आत सी मायनर. कोण घरी आहे हे तीन ठिकाणी बघायचं. शेवटच्या मापात डावा हात कुठे थांबतोय? तिथे सी होता. सुरांचा मुक्काम वारंवार कुठे पडतोय? सी आणि जीवर. आणि सर्वांत पक्की खूण, मध्येच एखादी वेगळी खूण आली आहे का? तिच्या कागदावर दोन ठिकाणी बीपुढे नॅचरलची खूण होती. की सिग्नेचर बीला फ्लॅट करते आहे, तरी लिहिणाऱ्यानं तो पुन्हा शुद्ध केला. का? मायनरमध्ये सा वर परतताना कोमल नीची ओढ ढिली पडते, म्हणून नी बऱ्याचदा शुद्ध करतात. सी मायनरचा शुद्ध नी म्हणजेच बी. तुकडा सी मायनरचा होता. कॉर्ड बदलला, दोन ओळी लगेच बसल्या.

ही शुद्ध नीची खूण की सिग्नेचरमध्ये कधीच लिहीत नाहीत, ती चालू गाण्यातच येते. म्हणून नुसत्या पुंजक्याकडे बघून मेजर-मायनर ठरवू नये. आणि तुकडा लहान असेल, मधेच सुरू होत असेल, तर पहिल्या सुरावरही विश्वास ठेवू नका. शेवटचा सूर जास्त खरं बोलतो.

शेजारी कोण, आणि किती लांब

आता तीन बोटं गोलावर ठेवा: मधलं बोट तुमच्या घरावर, बाकीची दोन दोन्ही बाजूंच्या घरांवर. बाहेरची तीन आणि आतली तीन मिळून सहा नावं दिसतील. सी मेजरसाठी बाहेर एफ, सी, जी आणि आत डी मायनर, ए मायनर, ई मायनर. सी मेजरमध्ये सहज चालणारे सहा कॉर्ड हेच, आणि सी मेजरहून सहज पोहोचता येतील अशी पाच शेजारची स्केलही हीच. साथ करणाऱ्याला या तीन बोटांचा रोज उपयोग होतो. गाण्याची पट्टी कळली की सहा कॉर्ड हातात आले.

शेजारपण मोजायचं असेल तर दोन स्केलांमध्ये समाईक काय उरतं ते मोजा. एक घर दूर असलेल्या दोन मेजर स्केलांत सातपैकी सहा सूर समाईक असतात आणि चार कॉर्ड. दोन घरं दूर गेलं की पाच सूर आणि दोनच कॉर्ड. तीन घरांवर चार सूर उरतात, पण समाईक कॉर्ड एकही नाही. म्हणून मी शिकवताना दोन घरांपर्यंत शेजारी म्हणतो आणि त्यापुढे परगाव.

हे सगळं कॉर्डवर चालणाऱ्या गाण्याला लागू आहे. एकाच सा वर तासभर राग गाणाऱ्याला या गोलाची गरज पडत नाही, आणि त्याच्यावर तो लादूही नये.

आता पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. काळी चार, म्हणजे ए फ्लॅट, आठच्या घरात. पांढरी सहा, म्हणजे ए, तीनच्या घरात. बोटानं मोजा, आठ ते तीन, पाच घरं. दोन स्केलांत समाईक सूर दोनच, काळी एक आणि काळी चार. ऐकणाऱ्याच्या कानात घट्ट बसलेले सातपैकी पाच सूर मी एका क्षणात काढून घेतले होते. ताईंना सा पकडायला आधारच उरला नाही. त्यांची चूक नव्हती. ट्रान्सपोज बटण दाबून वाजवलं असतं तरी हेच झालं असतं, कारण ते बटण माझ्या बोटांची सोय करतं, गाणाऱ्याच्या कानाची नाही.

दुसऱ्या गाणाऱ्यांची पट्टी काळी दोन असती, तर काम सोपं होतं. नऊचं घर, आठचं लगतचं. ए फ्लॅट कॉर्डवरून एफ मायनरवर यायचं, तो दोन्ही घरांत आहे. मग बी फ्लॅट कॉर्ड लावायचा. त्यातला डी हा एकच सूर नवा, जुन्या सा चा तीव्र मध्यम. तिथून ई फ्लॅटवर उतरलं की नवा सा तयार. चार कॉर्ड, दोन आवर्तनं, आणि माईक हातात घेणाऱ्याला सूर आपोआप सापडतो.

पाच घरांची उडी मारायचीच असेल तर समाईक सूर हातात धरून मारायची. पुढच्या श्रावणात मी तसंच केलं. मावशींचं गाणं काळी चारवर संपलं, तेव्हा उजव्या हातात काळी चार तशीच दाबून ठेवली. डाव्या हातानं ए फ्लॅटचा कॉर्ड सोडून खाली ई मेजरचा कॉर्ड लावला: पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात. मावशींचा सा जागचा हलला नाही, पण आता तो ई कॉर्डचा ग झाला आणि येणाऱ्या पांढरी सहाचा शुद्ध नी. नी असल्यामुळे तो वर ओढायला लागला. एक पूर्ण आवर्तन तिथेच थांबलो, ठेका चालू ठेवला, आणि मग ए मेजरवर उतरलो. ताईंनी मी उतरण्याआधीच सा घेतला होता.